तपकिरी रेषांची गोष्ट

आमच्या शाळेत शनिवारी परिपाठ संपला, की शिक्षकांपैकी एकानं दहा मिनिटं बोलायचं, असा रिवाज आहे. गेल्या शनिवारी पाळी माझी होती. मुख्याध्यापिकाबाईंनी विषय दिला होता, 'मोबाइलच्या जमान्यात नकाशावाचन कशाला?' आता भूगोलाच्या मास्तरला असा विषय दिला, की तो 'भूगोलाचे महत्त्व' सांगायला लागणार आणि मागच्या रांगा चुळबुळ करायला लागणार, हे ठरलेलंच. म्हणून मी भाषण लिहून नेलंच नाही. सोबत एक नकाशा, एक बटाटा आणि हातभर दोरा एवढंच घेऊन गेलो. नंतर दोन-तीन पालकांनी विचारलं, "सर, त्या बटाट्याचं काय होतं हो?" त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी ते बोलणं थोडं नीट मांडून या वेळच्या सदरात देतो आहे.

मुलामुलींनो, आधी खाली बसा. पाचवीची मुलं पुढे या, नाहीतर हा कागद दिसायचा नाही.

हा जो नकाशा मी धरलाय, त्याला स्थलनिर्देशक नकाशा म्हणतात. आम्ही भूगोलवाले त्याला लाडानं 'टोपोशीट' म्हणतो. डेहराडूनचा भारतीय सर्वेक्षण विभाग हे नकाशे तयार करतो. या विभागाचं काम १७६७ सालापासून चालू आहे. अख्ख्या देशाचे असे तुकडे तुकडे पाडलेत आणि प्रत्येक तुकड्याला नंबर दिलाय. पुणे शहराचा बराचसा भाग '४७ एफ / १४' या शीटवर येतो. तुमचं गावही कुठल्या ना कुठल्या शीटवर आहेच. माझा अनुभव असा, की आपल्याला हवं ते गाव नेहमी दोन शीटच्या सांध्यावर येतं आणि दोन्ही विकत घ्याव्या लागतात! पण ते जाऊ दे.

या नकाशाचं प्रमाण आहे १ : ५०,०००. म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर हे जमिनीवरचा एक किलोमीटर. निळं दिसतंय ते पाणी, हिरवं ते जंगल, पिवळी ती शेती, लाल ते रस्ते आणि वस्त्या. हे सगळं तुम्हाला पाठ आहे, परीक्षेत येतं. पण या सगळ्याच्या खाली, धाग्यांचा गुंता पडावा तशा बारीक तपकिरी रेषा दिसतायत का? दिसतायत ना? आज फक्त त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे.

त्या आहेत समोच्च रेषा. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर असलेल्या जागा जोडणाऱ्या रेषा. ही व्याख्या तुम्ही घोकलेली आहे. पण व्याख्या घोकून डोंगर दिसत नाही. त्यासाठी बटाटा लागतो.

घरी करून बघा. एक वेडावाकडा, टेंगळं आलेला बटाटा घ्या. आईला विचारून घ्या, कारण नंतर त्याची भाजी होईल की नाही सांगता येत नाही. तो उभा अर्धा कापा आणि कापलेली बाजू खाली करून सपाट बुडाच्या पातेल्यात ठेवा. झाला आपला डोंगर. आता पातेल्यात पट्टी उभी धरून एक सेंटिमीटर पाणी ओता. पाणी बटाट्याला जिथे जिथे टेकलंय, तिथे टाचणीनं सगळीकडून ओरखडा काढा. मग आणखी एक सेंटिमीटर पाणी, आणखी एक ओरखडा. बटाटा बुडेपर्यंत असं करत जा. शेवटी पाणी ओतून टाका आणि एक डोळा मिटून बरोबर वरून खाली बघा. एकात एक कडी दिसतील. ती कागदावर उतरवलीत, की तुमचा पहिला समोच्च रेषांचा नकाशा तयार.

आता गंमत बघा. बटाट्याची जी बाजू उभी आहे, तिथे वरून बघताना ओरखडे एकमेकांना खेटून दिसतात. जी बाजू पसरट आहे, तिथे ते लांब लांब दिसतात. पाणी मात्र दर वेळी एकच सेंटिमीटर चढलं होतं! म्हणजे रेषा दाटीवाटीनं असतील तिथे उभा चढ, आणि विरळ असतील तिथे सावकाश चढ. बटाट्याला दोन टेंगळं असतील तर वरची कडी दोन वेगवेगळी दिसतील आणि त्यांच्यामध्ये जी खोलगट जागा, ती खिंड. किल्ले बघायला गेलात की 'खिंडीतून वाट जाते' असं ऐकता ना, ती नकाशावर अशी ओळखायची.

आता बटाटा बाजूला ठेवू आणि खऱ्या शीटकडे येऊ. इथे दोन शेजारच्या रेषांमध्ये उंचीचा फरक आहे २० मीटर. साधारण सहा मजली इमारतीएवढा. दर पाचवी रेषा जाड काढलेली असते, म्हणजे दोन जाड रेषांमध्ये १०० मीटर. पट्टी घेऊन मोजा. दोन रेषांमध्ये चार मिलिमीटर अंतर असेल, तर जमिनीवर २०० मीटर चाललात की २० मीटर वर चढता. सायकलवरून उतरून ती ढकलत न्यावी लागेल, असा चढ. अंतर एक मिलिमीटर असेल, तर पन्नास मीटरांत वीस मीटर. आपल्या शाळेच्या जिन्याहून थोडा कमी उभा, पण जिन्याला पायऱ्या असतात, डोंगराला नसतात. आणि अंतर अर्धा मिलिमीटरच असेल, तर पंचवीस मीटरांत वीस मीटर. तिथे हात टेकवल्याशिवाय चढता येणार नाही. रेषा एकमेकींना चिकटून एकच जाड पट्टा झाला, तर तो कडा. तिथे वाट शोधायची नाही.

एवढ्यात नववीतल्या एका मुलीनं हात वर केला. (भाषणात प्रश्न विचारायची आमच्याकडे मुभा आहे. मला ते आवडतं, वेळ जातो म्हणून बाईंना फारसं आवडत नाही.) ती म्हणाली, "सर, पण मोबाइलमध्ये ठिकाण टाकलं की तो किती किलोमीटर आणि किती वेळ ते लगेच सांगतो. मग रेषा मोजायच्या कशाला?"

छान प्रश्न. चला, मोजूनच बघू या. पुण्याजवळचा सिंहगड घेऊ, कारण तुमच्यातले निम्मे तरी तिथे पिठलं-भाकरी खाऊन आलेले असणार. किल्ल्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर. ज्या आतकरवाडीतून पायवाट चढते, ती साधारण ७०० मीटरवर. आता हा दोरा मी नकाशावरच्या पायवाटेच्या वळणांवरून ठेवत नेतो आणि मग पट्टीवर ताणून मोजतो. साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे पावणेतीन किलोमीटर. सपाट रस्त्यावर ताशी पाच किलोमीटरनं चाललं, तर पस्तीस मिनिटांत पोचायला हवं, नाही का? आणि मोबाइलला जर फक्त लांबी कळत असेल, तर तोही जवळपास तेवढंच सांगेल.

पण या दोऱ्याखालून किती तपकिरी रेषा गेल्या, ते मोजा. सुमारे तीस. तीस गुणिले वीस, सहाशे मीटर चढ. विल्यम नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक साधा हिशेब सांगून ठेवलाय, तो डोंगरात फिरणारे अजून वापरतात. दर पाच किलोमीटरला एक तास धरा आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास जोडा. म्हणजे आपले पस्तीस मिनिटं अधिक एक तास. दीड तासाहून थोडं जास्त. सिंहगड चढलेल्यांना विचारा, बरोबर येतं की नाही. आणि हा हिशेब धडधाकट माणसाचा, न थांबता चालण्याचा आहे. बरोबर आजी असेल, पाठीवर सामान असेल, पाऊस असेल, तर त्यात भर घालायची. संध्याकाळी चार वाजता 'पस्तीस मिनिटांचं तर आहे' म्हणून निघालेली मंडळी अंधारात का अडकतात, ते आता कळलं?

मोबाइल वाईट, असं मी म्हणत नाही हं. उलट एक गोष्ट सांगतो, ती पुष्कळ मोठ्या माणसांनाही माहीत नसते. मोबाइलला 'आपण कुठे आहोत' हे कळतं ते उपग्रहांकडून, त्याला रेंज लागत नाही. रेंज लागते ती नकाशाचं चित्र उतरवून घ्यायला. म्हणून डोंगरात रेंज गेली, की कोऱ्या पडद्यावर निळा ठिपका तेवढा लुकलुकत राहतो. नकाशा आधीच उतरवून ठेवला तर ही अडचण नाही. आणि काही ॲपमध्ये 'टेरेन' असं निवडलं, की या आपल्या रेषा तिथेही उगवतात. पण त्या वाचता येत नसतील, तर कागदावर असोत की काचेवर, सारख्याच.

आता सगळ्यांत महत्त्वाची खूण. या रेषा कधी कधी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या वाकतात. 'व्ही'चं टोक जर चढाकडे, म्हणजे जास्त उंचीच्या आकड्याकडे असेल, तर ती घळ. तिथून ओढा येतो. नकाशावर निळी रेघ नसली, तरी पावसाळ्यात पाणी तिथूनच येणार. आणि टोक उताराकडे असेल, तर ती डोंगराची सोंड, हत्तीच्या सोंडेसारखी खाली उतरत आलेली. सोंडेवर पडलेलं पाणी दोन्ही बाजूंना वाहून जातं, घळीत मात्र सगळीकडचं पाणी गोळा होतं. आणि नुसतं पाणी नाही, बरोबर माती आणि दगडही.

हे परीक्षेच्या दोन मार्कांपुरतं नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्याआधी मुसळधार पाऊस चालू होता. माणसं झोपेत होती. २७ जणांचे मृतदेह सापडले आणि ५७ जण सापडलेच नाहीत. वाडीपर्यंत गाडी जाईल असा रस्ता नव्हता. माती उपसायची यंत्रं वर नेता येईनात, हवा इतकी खराब की हेलिकॉप्टर उडेना. बचाव पथकांना काळोखात, चिखलातून पायी चढून जावं लागलं आणि हातातल्या कुदळी-फावड्यांनी काम करावं लागलं. खाली मोटाररस्त्यापासून वाडी काही फार लांब नाही. नुसती लांबी बघाल तर 'इथेच तर आहे' असं वाटेल. मधल्या तपकिरी रेषा मोजल्या, की कळतं मदत पोचायला वेळ का लागतो.

मग तुम्ही म्हणाल, रेषा बघून दरड कोसळणार हे आधीच सांगता आलं असतं का? नाही. हे मी स्पष्ट सांगतो, कारण नकाशाकडून नको ती अपेक्षा करायची नाही. ते गाव दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत नव्हतं, असं तेव्हा सरकारनं सांगितलं होतं. उतार किती उभा, एवढंच या रेषा सांगतात. त्यावर मातीचा थर किती जाड आहे, खडक किती झिजलाय, पाणी कुठून मुरतं, पाऊस किती पडणार, हे त्यांना ठाऊक नसतं. उभ्या उताराखालची पुष्कळ गावं शेकडो वर्षं सुखरूप आहेत. पण चौकशी कुठून सुरू करायची, ते मात्र रेषा सांगतात. तुमच्या गावाच्या, किंवा आजोळच्या गावाच्या वर रेषा दाटलेल्या आहेत का? 'व्ही'ची टोकं जोडत खाली आलात, तर ती घळ नेमकी कोणाच्या अंगणात उतरते? तशी जागा असेल, तर पावसाळ्यात तिथे जाऊन मोठ्या माणसांबरोबर बघायचं. उतारावर जमिनीला नवी भेग पडलीय का? झाडं किंवा विजेचे खांब कलायला लागलेत का? नेहमीचं झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ येतंय का, किंवा नसलेल्या ठिकाणी पाझर फुटलाय का? यातलं काही दिसलं, तर 'बघू उद्या' म्हणायचं नाही. त्याच दिवशी तलाठ्यांना किंवा सरपंचांना सांगायचं आणि त्या रात्री तिथे झोपायचं नाही.

नकाशा आणखी दोन ठिकाणी फसवतो, तेही सांगून ठेवतो. पहिलं म्हणजे दोन रेषांमधल्या वीस मीटरांत काय दडलंय, ते दिसत नाही. समजा, एका रेषेच्या वर पंधरा मीटरचा सरळ कडा आहे आणि तो पुढच्या रेषेच्या आधी संपतो. नकाशावर त्याचा पत्ताच लागणार नाही! आपला सह्याद्री तर लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला. थोडा कडा, मग सपाट पायरी, मग पुन्हा कडा. असे छोटे कडे त्याच्यात जागोजाग. म्हणून पायवाट सोडून 'नकाशावर तर रेषा विरळ आहेत' म्हणत खाली उतरायचं नाही. दुसरं म्हणजे नकाशाचं वय. शीटवर सर्वेक्षण कुठल्या वर्षी झालं ते छापलेलं असतं, ते आधी वाचा. डोंगर सहसा जागचे हलत नाहीत, पण मधल्या काळात धरण झालेलं असतं, खाण निघालेली असते, रस्त्यासाठी डोंगराचा पाय कापलेला असतो. पाय कापलेला उतार नकाशावर दिसतो त्याहून उभा झालेला असतो, हे विसरू नका.

आणि नकाशा हातात धरायचा कसा? पुष्कळ जण वर्तमानपत्रासारखा धरतात, अक्षरं सरळ यावीत म्हणून. घरात चालेल, डोंगरात नाही. होकायंत्रानं उत्तर बघायची आणि नकाशाची वरची बाजू तिकडे फिरवायची, मग अक्षरं उलटी दिसली तरी चालतील. आता समोर जी टेकडी दिसतेय, ती नकाशावरही आपल्या समोरच हवी. ओढा डाव्या हाताला असेल, तर नकाशावरही डावीकडे हवा. अशा दोन-तीन खुणा जुळल्या, तर आपण आहोत तिथेच आहोत. एक जुळतेय आणि दोन जुळत नाहीत, असं झालं तर पुढे जायचं नाही. मन त्या एकाच खुणेला धरून बसतं आणि बाकीच्या दोन बळेबळे जुळवायला बघतं. तसं न करता, शेवटची खात्रीची जागा होती तिथपर्यंत मागे यायचं.

घंटा व्हायला तीन मिनिटं आहेत, बाई घड्याळाकडे बघतायत. म्हणून शेवटी एक कोडं घालतो. वहीत उतरवून घ्या.

एका शीटवर चार रेषा आहेत, ७००, ७२०, ७४० आणि ७६० मीटरच्या. चारही 'व्ही'सारख्या वाकल्या आहेत आणि चारही टोकं उत्तरेला आहेत. ७६० ची रेषा सगळ्यात उत्तरेकडे, ७०० ची सगळ्यात दक्षिणेकडे. टोकापाशी मोजलं, तर दर दोन रेषांमध्ये बरोबर एक मिलिमीटर अंतर आहे. नकाशाचं प्रमाण आपलं नेहमीचं, १ : ५०,०००. ७०० च्या रेषेच्या टोकापासून दक्षिणेला, कागदावर एक सेंटिमीटर अंतरावर एक घर दाखवलंय. मधे दुसरी रेषा नाही.

सांगा, ही घळ की सोंड? पावसाचं पाणी कुठल्या दिशेला जाईल? टोकाटोकांनी ७०० पासून ७६० पर्यंत जायला जमिनीवर किती मीटर अंतर कापावं लागेल? आणि त्या घराच्या मालकाला तुम्ही जून महिन्यात काय बघून ठेवायला सांगाल?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं पुढच्या अंकात. चौथ्याचं तुम्ही लिहून पाठवा.